पेलिंडाबाचा हिशेब

१९९३च्या मार्च महिन्यात अणुबॉम्बच्या इतिहासात बारा दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. १२ मार्चला उत्तर कोरियाने जाहीर केलं की आपण अण्वस्त्र प्रसारबंदी करारातून बाहेर पडत आहोत. २४ मार्चला दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष एफ. डब्ल्यू. डी क्लर्क केपटाऊनच्या संसदेत उभे राहिले आणि म्हणाले की आमच्याकडे सहा अणुबॉम्ब होते, सातव्याचं काम चालू होतं आणि आता एकही उरलेला नाही.

स्वतः बॉम्ब बनवून स्वतःच मोडून टाकणारा देश आजवर एकच, दक्षिण आफ्रिका. युक्रेनने १९९४ नंतर दिले ते सोव्हिएत वारशाने आलेले बॉम्ब होते. लिबियाने २००३मध्ये सोडला तो अर्धवट कार्यक्रम. म्हणून 'देश बॉम्ब का सोडतात' या प्रश्नावर बोलताना सगळे फिरून दक्षिण आफ्रिकेपाशी येतात, आणि बहुतेकदा 'शहाणा देश, शांतताप्रिय निर्णय' एवढं म्हणून पुढे जातात. गोष्ट त्याहून गुंतागुंतीची आहे, आणि तिचा अर्धा भाग चक्क जमाखर्चाचा आहे.

प्रिटोरियाच्या पश्चिमेला पेलिंडाबा नावाची जागा आहे. झुलू भाषेत 'इंडाबा' म्हणजे गोष्ट, चर्चा. पेलिंडाबाचा अर्थ 'गोष्ट संपली' असा सांगतात. तिथे अमेरिकेने दिलेली सफारी-१ ही संशोधन अणुभट्टी १९६५पासून चालते. शेजारीच युरेनियम समृद्ध करण्याचा कारखाना उभा राहिला, त्या जागेचं नाव व्हॅलिंडाबा. त्याचा अर्थ 'त्याबद्दल आम्ही बोलत नाही' असा लावला जातो. ही नावं ठेवताना कुणी विनोद केला होता की नाही, कोण जाणे, पण पुढची पंधरा वर्षं व्हॅलिंडाबाने नाव राखलं.

या कारखान्याला 'वाय प्लँट' म्हणत. खाणीतून निघालेल्या युरेनियममध्ये बॉम्बच्या कामाचं युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असतं. ते प्रमाण वाढवत नव्वदच्या आसपास न्यायचं हे या कारखान्याचं काम. युरेनियम वायुरूपात आणून नळ्यांमधून जोरात भोवऱ्यासारखा फिरवायचा, म्हणजे जड आणि हलके अणू किंचित वेगळे होतात, ही दक्षिण आफ्रिकेची स्वतःची पद्धत. ती वीज बेसुमार खाते आणि कुरकुरतही चालते. १९७८च्या जानेवारीत उच्च समृद्ध युरेनियम निघू लागलं आणि १९७९च्या ऑगस्टमध्ये आतल्या वायूची रासायनिक घाण होऊन कारखाना बंद पडला. तो १९८०च्या एप्रिलमध्ये परत सुरू झाला, पण उच्च समृद्ध युरेनियम पुन्हा निघायला १९८१चा जुलै उजाडला. ही बंद पडण्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती फार महागात पडणार होती.

बॉम्बची रचना सर्वांत साधी होती, हिरोशिमावर टाकलेल्या जातीची. युरेनियमचे दोन भाग वेगळे ठेवायचे आणि हव्या त्या क्षणी एकत्र आणायचे. प्रत्येक बॉम्बला सुमारे ५५ किलो युरेनियम लागे आणि वजन एक टनाच्या घरात जाई. आर्मस्कोर या सरकारी शस्त्रास्त्र कंपनीच्या 'सर्कल' नावाच्या इमारतीत हे काम चाले. तयार बॉम्बचा पुढचा अर्धा भाग एका तिजोरीत, मागचा अर्धा दुसऱ्या तिजोरीत. एकट्या माणसाला पूर्ण बॉम्ब जोडता येऊ नये अशी ही व्यवस्था.

आता खरा प्रश्न. हा बॉम्ब टाकायचा कुणावर? सीमेपलीकडच्या जंगलातल्या गनिमांवर अणुबॉम्ब टाकून काही साधत नाही. स्वतःच्या देशातल्या कृष्णवर्णीय वस्त्यांवर टाकणं तर वेडेपणाच. १९७८मध्ये सरकारने जे धोरण ठरवलं ते वाचलं की लक्षात येतं, बॉम्ब टाकायचाच नव्हता. तीन पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीवर 'आहे'ही म्हणायचं नाही आणि 'नाही'ही म्हणायचं नाही. दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातल्या भूभागावर सोव्हिएत किंवा क्युबन फौज चालून आली, तर दुसरी पायरी, म्हणजे अमेरिकेसारख्या देशाच्या कानात हळूच सांगायचं की आमच्याकडे आहे. तरीही मदत आली नाही तर तिसरी, म्हणजे उघड जाहीर करायचं किंवा चाचणीच करून दाखवायची. थोडक्यात, बॉम्बचं तोंड शत्रूकडे कमी आणि वॉशिंग्टनकडे जास्त होतं. घरात एकटं पडलेलं माणूस शेजारी धावत यावा म्हणून आरडाओरड करतं, त्यातला हा प्रकार.

आणि एकटं पडणं खरं होतं. १९७५पासून अंगोलात क्युबन सैन्य उतरलं आणि १९८८पर्यंत त्याची संख्या पन्नास हजारांवर गेली. १९७७च्या नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने शस्त्रबंदी लादली. अमेरिकेने सफारीचं इंधन अडवलं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या नियामक मंडळावरची जागा त्याच वर्षी गेली आणि १९७९मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या संस्थेच्या सर्वसाधारण परिषदेत दक्षिण आफ्रिकेच्या शिष्टमंडळाला बसूच दिलं नाही. वर्णद्वेषाविरुद्धची ही कारवाई योग्यच होती. पण बॉम्बच्या बाजूने पाहिलं तर तिचा परिणाम उलटा झाला. ज्या संस्थेच्या निरीक्षकांनी दार ठोठवायचं, त्या संस्थेशी आता देशाचं काही देणंघेणंच राहिलं नाही. दबावाने माणूस नमतो, तसा दबावाने तो दार आतून लावूनही घेतो.

चाचणीची तयारीही झाली होती. कालाहारीच्या वाळवंटात व्हास्ट्रॅप इथे दोन खोल विवरं खोदली होती, त्यातलं खोल विवर ३८५ मीटरचं. १९७७च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत उपग्रहाने ती टिपली. मॉस्कोने वॉशिंग्टनला कळवलं आणि शीतयुद्धातल्या दोन्ही वैऱ्यांनी मिळून दक्षिण आफ्रिकेवर दबाव आणला. जागा गुंडाळावी लागली. त्यानंतर दहा वर्षांनी, अंगोलातली लढाई पेटलेली असताना, आर्मस्कोरची माणसं तिथे परत गेली, विवरातलं पाणी उपसलं आणि वर मोठी शेड उभारली. उपग्रहांना हे दिसणार हे त्यांना ठाऊक नसेल, असं मानायला मी तयार नाही.

मग हे सगळं संपलं कसं? तारखा ओळीने लावल्या की चित्र स्वच्छ होतं. १९८८च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये करार झाला, क्युबन सैन्य अंगोलातून जाणार आणि दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातला नामिबिया स्वतंत्र होणार. १९८९च्या सप्टेंबरात डी क्लर्क अध्यक्ष झाले. नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली. १ फेब्रुवारी १९९० रोजी वाय प्लँट कायमचा बंद केला. २ फेब्रुवारीला आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवरची बंदी उठली. ११ तारखेला नेल्सन मंडेला तुरुंगाबाहेर आले. २६ तारखेला बॉम्ब मोडायचा लेखी आदेश निघाला. या शेवटच्या चारही गोष्टी एका महिन्यात.

ज्या सोव्हिएत भीतीपोटी अमेरिकेला हाक मारायचा बेत होता, ती भीतीच उरली नव्हती. उलट बॉम्ब बाळगणं म्हणजे जगात परत शिरण्याच्या वाटेतला दगड होता. डी क्लर्क यांनी संसदेत कारणं दिली तीही याच धर्तीची. टीकाकार मात्र एक वेगळं कारण सांगतात. सत्ता कृष्णवर्णीय बहुमताकडे जाणार हे दिसत होतं आणि त्यांच्या हाती बॉम्ब जाऊ नये म्हणून तो आधीच मोडला. यावर दक्षिण आफ्रिकेत आजही वाद होतो. माझं मत असं की दोन्ही कारणं एकाच वेळी खरी असू शकतात. बाहेरची भीती गेल्यामुळे बॉम्ब निरुपयोगी झाला आणि आतल्या सत्तांतरामुळे तो ठेवणं जोखमीचं झालं. पहिलं कारण नसतं तर नुसत्या दुसऱ्याने तो मोडला असता का, याची मला शंका आहे.

इथे कराराची एक मजेशीर अडचण आली. अण्वस्त्र प्रसारबंदी करारात 'अण्वस्त्रधारी देश' कोण हे तारखेने ठरतं, १ जानेवारी १९६७च्या आधी ज्याने स्फोट केला तो. म्हणजे पाचच देश. (भारत १९६८पासून या कराराला नाही म्हणत आला आहे तो याच तारखेवरून, ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच राहावं अशी ती रेघ आहे म्हणून. तुर्भ्याच्या सायरस भट्टीतल्या प्लुटोनियमने १९७४ला पोखरणचा स्फोट झाला तेव्हा आपणही या रेघेच्या पलीकडेच होतो.) दक्षिण आफ्रिकेला करारात यायचं तर 'बॉम्ब नसलेला देश' म्हणूनच यावं लागणार. म्हणून आधी मोडायचं, मग सही करायची, असा क्रम ठरला. विनंड माउटन नावाच्या एका प्राध्यापकांना स्वतंत्र लेखापरीक्षक म्हणून नेमलं. बॉम्बमधलं युरेनियम काढून वितळवलं आणि परत अणुऊर्जा महामंडळाकडे पेलिंडाबाला नेलं. १० जुलै १९९१ रोजी देश करारात आला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात युरेनियमचा शेवटचा हप्ता पेलिंडाबाला पोचला आणि १६ सप्टेंबरला निरीक्षणाच्या करारावर सही झाली. बॉम्ब होते हे मात्र कुणालाच सांगितलं नाही. करार आजचा साठा विचारतो, कालचा इतिहास नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता आणि अक्षराने पाहिलं तर तो चुकीचा नव्हता.

पण साठ्याचा हिशेब लागतोच. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांचा पहिला प्रश्न असा असतो, तुम्ही दाखवलेलं युरेनियम एवढं आहे, हे सगळं आहे कशावरून? तिजोरीतली नोट मोजता येते, तिजोरीत न ठेवलेली नोट कशी मोजायची?

याचं उत्तर जुन्या वाण्याच्या वहीत आहे. किती आलं, किती गेलं, किती उरलं. वाय प्लँटमध्ये किती युरेनियम घातलं ते नोंदलेलं होतं. समृद्ध माल किती निघाला ते सांगितलेलं होतं. राहिलेलं, सत्त्व काढून घेतलेलं युरेनियम, ज्याला या धंद्यात 'टेल्स' म्हणतात, टाक्यांमध्ये भरून अंगणात पडलेलं होतं. युरेनियम-२३५ कुठे उडून जात नाही, म्हणून तिन्हींची बेरीज जुळायला हवी.

आता ती का जुळत नाही ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू, कारण या सगळ्या प्रकरणाचा जीव इथे आहे. समजा १०० टन साधं युरेनियम कारखान्यात घातलं. त्यात युरेनियम-२३५ सुमारे ७११ किलो. टेल्समध्ये ०.४० टक्का उरला असेल, तर ९० टक्के समृद्ध माल साधारण ३४७ किलो निघायला हवा. पण टेल्समध्ये ०.४५ टक्का उरला असेल, तर माल २९१ किलोच निघतो. फरक ५६ किलोचा, म्हणजे एक अख्खा बॉम्ब. टेल्सच्या टाकीत पाच शतांश टक्क्यांची चूक, आणि जगाला वाटणार की एक बॉम्ब कुठेतरी लपवलाय. निरीक्षकांचं स्वतःचं माप तर याहून कडक आहे, २५ किलो युरेनियम-२३५ हिशेबात सापडलं नाही तर ते दखलपात्र मानतात.

नेमकं तेच झालं. दक्षिण आफ्रिकेच्या कागदांवरून जेवढा माल निघायला हवा होता त्यापेक्षा दाखवलेला माल कमी भरत होता. लपवला का? की कारखाना मुळातच कागदावरच्यापेक्षा वाईट चालला? इथे ती १९७९ची घाण आठवा. तो कारखाना वर्षानुवर्षं सुरळीत चाललाच नव्हता. तो बंद पडे, परत सुरू होई, समतोलावर यायला वेळ घेई आणि त्या काळात जे टेल्स बाहेर पडत त्यांच्यात युरेनियम-२३५ अपेक्षेपेक्षा जास्त राहून जाई. डेमेट्रियस पेरिकोस यांच्या नेतृत्वाखालच्या तुकडीने कारखान्याच्या रोजच्या नोंदी चाळल्या, जुन्या कामगारांशी बोलले आणि टाक्यांमधल्या टेल्सची नव्याने तपासणी करवली. त्या काळात हेही ठरलं की निरीक्षकांना करारात लिहिलेल्या जागांपलीकडेही, कारण सांगितलं तर कुठेही आणि कधीही जाता येईल. ही सवलत देशाने आपण होऊन दिली होती.

मग मार्च १९९३ला डी क्लर्क यांनी सगळं सांगून टाकलं आणि तपासाचा रोख बदलला. आता बॉम्बच्याच इतिहासाची पडताळणी सुरू झाली. अडचण अशी की बॉम्बचे तांत्रिक कागद, सुमारे बारा हजार दस्तऐवज, तोवर नष्ट करून टाकले होते. ज्ञान पसरू नये म्हणून जाळलं हे ठीक, पण पुरावाही त्याबरोबर गेला. सुदैवाने कारखान्याच्या चालू कामाच्या नोंदी शिल्लक होत्या. त्या टिकल्या म्हणून हिशेब लागला. कालाहारीतली दोन्ही विवरं निरीक्षकांच्या देखत काँक्रीटने बुजवली. १९९३च्या सप्टेंबरात संस्थेने निष्कर्ष दिला की वाय प्लँटमध्ये तयार होऊ शकलं असतं तेवढं आणि दाखवलेलं युरेनियम एकमेकांशी सुसंगत आहे. 'सुसंगत', 'सिद्ध' नव्हे. या कामात त्याहून पक्की भाषा कुणी वापरत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

आता उत्तर कोरियाकडे या. तिथेही हेच निरीक्षक, हीच पद्धत, आणि निघालेला प्रश्नही तोच, आकडे जुळत नाहीत. उत्तर कोरिया १९८५ला करारात आला, पण निरीक्षणाचा करार लागू व्हायला १९९२ उजाडलं. त्याने सांगितलं की आम्ही १९९०मध्ये एकदाच प्लुटोनियम वेगळं काढलं, तेही नव्वद ग्रॅमच्या आसपास. निरीक्षकांनी नमुने घेतले. प्लुटोनियमचा एक प्रकार ठरावीक गतीने अमेरिसियम नावाच्या मूलद्रव्यात बदलत जातो. दही किती आंबट झालंय यावरून ते कधी लावलं ते ओळखावं, तसं अमेरिसियम किती साचलंय यावरून प्लुटोनियम कधी वेगळं काढलं ते ओळखता येतं. नमुने एकदाच नव्हे, निरनिराळ्या वर्षी काम झाल्याचं सांगत होते. शिवाय अमेरिकेच्या उपग्रहचित्रांत झाकून टाकलेल्या, कचरा साठवण्याच्या दोन जागा दिसत होत्या. फेब्रुवारी १९९३मध्ये संस्थेने त्या जागा पाहायला मागितल्या. उत्तर १२ मार्चला मिळालं.

दोन्हीकडे निरीक्षकांना तफावत सापडली. एका देशाने वह्या उघडल्या, दुसऱ्याने दार लावलं. तफावत शोधण्याचं कौशल्य दोन्हीकडे सारखंच होतं, त्यामुळे फरक त्या कौशल्यात शोधून उपयोग नाही. फरक पाहायचा तर त्या वेळी जगात काय चाललं होतं ते पाहावं. शीतयुद्ध संपलं आणि दक्षिण आफ्रिकेचा शत्रू गेला. तेच शीतयुद्ध संपलं आणि उत्तर कोरियाचा पाठीराखा गेला. मॉस्कोने १९९०ला दक्षिण कोरियाला मान्यता दिली, बीजिंगने १९९२ला. एकच घटना, पण प्रिटोरियात तिने भीती संपवली आणि प्योंगयांगमध्ये भीती जन्माला घातली. शिवाय डी क्लर्क यांचं राज्य स्वतःहून सत्ता सोडायला निघालं होतं, किम घराण्याला सत्ता सोडायचीच नव्हती. बॉम्बला धरून बसायचं कारण तिथे राज्यकर्त्यांच्या जिवाइतकं जवळचं होतं. पुढे २००३ला तो देश कराराबाहेर पडलाच आणि ऑक्टोबर २००६मध्ये त्याने चाचणी केली. लिबियाच्या गद्दाफींनी कार्यक्रम सोडल्यानंतर आठ वर्षांनी त्यांचं काय झालं, हे प्योंगयांगने नीट पाहून ठेवलं असणार.

कराराने कुणाकडून बॉम्ब काढून घेतला, असं या दोन्ही प्रकरणांत कुठेच दिसत नाही. करार एवढंच करू शकला की ज्याला सोडायचा होता त्याला ते जगाला पटवून द्यायची जागा दिली, आणि ज्याला सोडायचा नव्हता त्याचं लपवणं उघडं केलं. दुसरं काम कमी लेखू नये, पण पहिल्या कामाशिवाय दक्षिण आफ्रिकेवर कुणी विश्वास ठेवला नसता. 'मोडले' असं कुणीही म्हणू शकतो.

पेलिंडाबाचं नाव पुढे आफ्रिका खंडाला अण्वस्त्रमुक्त करणाऱ्या कराराला मिळालं. १९९६मध्ये कैरोत त्यावर सह्या झाल्या आणि २००९मध्ये तो लागू झाला. गोष्ट मात्र पूर्ण संपलेली नाही. बॉम्बमधून काढलेलं युरेनियम वितळवून जमा केलं, पण ते देशाबाहेर गेलं नाही. सफारी भट्टीत वैद्यकीय उपयोगाचे किरणोत्सारी पदार्थ बनवायला त्यातलं काही वापरलं आणि उरलेला मोठा साठा पेलिंडाबालाच राहिला. अमेरिकेने तो मागितला, दक्षिण आफ्रिकेने दिला नाही. २००७च्या नोव्हेंबरात एका रात्री सशस्त्र माणसं विजेचं कुंपण ओलांडून पेलिंडाबाच्या आवारात शिरली, आणीबाणीच्या नियंत्रण कक्षापर्यंत गेली आणि तिथल्या एका माणसाला गोळी घालून निघून गेली. युरेनियमच्या तिजोरीपर्यंत ती पोचली नाहीत. निरीक्षक तो साठा अजूनही मोजतात.